चुकीची फाइल गेली तर

रिक्रूटरला मेल गेला आणि मग दिसलं, की सीव्हीऐवजी मागच्या वर्षीची सॅलरी स्लिप जोडली गेली. जीमेलमधलं Undo Send फार तर 30 सेकंद साथ देतं. आउटलुकचं Recall कंपनीबाहेरच्या पत्त्यावर चालत नाही. मग Sent मधला तोच मेल उघडून त्यालाच Reply करावा. नवा मेल धाडला तर दोन वेगळे मेल होतात आणि घाईतला माणूस नेमका जुना उघडतो. मजकूर दोन ओळींचा पुरे: ‘मघाच्या मेलला चुकून दुसरी फाइल जोडली गेली, क्षमस्व. योग्य सीव्ही सोबत आहे. कृपया आधीची फाइल डिलीट करावी.’ नेट बंद पडलं, लॅपटॉप नवा होता, ही कहाणी कोणी मागितलेली नसते. Reply करताना जुनी जोडणी पुढे येत नाही, म्हणून सीव्ही नव्याने जोडावा आणि पाठवण्याआधी उघडून पाहावा. दुसऱ्यांदा चूक झाली तर मात्र अवघड. नावातल्या चुकीचं वेगळं. Deepti ला Dipti लिहिलं गेलं, तर तेवढ्यासाठी स्वतंत्र मेल माझ्या मते नको. पुढच्या उत्तरात तिच्या सहीतलं स्पेलिंग जसंच्या तसं उचलावं. कंपनीचंच नाव दुसरं पडलं असेल, तर दुरुस्ती त्याच दिवशी गेलेली बरी.