तक्त्यातल्या पाच शक्ती आणि फळीवरचा तेंदूपत्ता

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून आणि उद्योजकता प्रशिक्षणांतून बाहेर पडणारे एक प्रकारचे प्रकल्प अहवाल मी बरेच वाचले आहेत. त्यांत एक पान ठरलेले असते. त्यावर पाच ओळींचा तक्ता असतो: पुरवठादारांची ताकद मध्यम, ग्राहकांची ताकद जास्त, नव्या स्पर्धकांचा धोका कमी, पर्यायी वस्तूंचा धोका मध्यम, आपसातली स्पर्धा जास्त. खाली मायकेल पोर्टर यांचे नाव. व्यवसाय गडचिरोलीतला तेंदूपत्ता असो, मूलची भात गिरणी असो की मोहर्लीच्या फाटकाजवळचा होमस्टे, या पानात फारसा फरक पडत नाही. तेंदूपत्ता खोडून तिथे चहाची टपरी लिहिली तरी तक्ता तसाच उभा राहतो. अशा तक्त्याने काहीच सांगितलेले नसते.

या नकलेला कंटाळलेल्या लोकांनी दुसरे टोक गाठले आहे. त्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, पोर्टर यांनी १९७९ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हा विचार मांडला तो अमेरिकेतल्या मोठ्या उद्योगांकडे पाहून. एखाद्या सबंध उद्योगात सरासरी नफा कमी का आणि दुसऱ्यात जास्त का, हा त्यांचा प्रश्न होता. एका गावाचा, एका दुकानाचा प्रश्न तो नव्हे. शिवाय आमच्या जंगलात बाजारापेक्षा कायद्याचे राज्य अधिक. तेव्हा हे शास्त्र कंपन्यांना लखलाभ, ग्रामसभेला त्याचा काय उपयोग?

पहिला आक्षेप खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ही मांडणी उद्योगाची आहे हे मान्य. पण उद्योगाची हद्द कुठे आखायची हे विश्लेषण करणाऱ्याने ठरवायचे असते: वस्तू कोणती आणि भूगोल किती. नकलेतली पहिली चूक इथेच होते. 'भारतीय बिडी उद्योग' अशी हद्द धरली की कोरची किंवा धानोरा तालुक्यातल्या ग्रामसभेला त्यात जागाच उरत नाही. ग्रामसभा बिडी विकत नाही. ती एका तालुक्यातल्या फळ्यांवर, उन्हाळ्यातल्या मोजक्या दिवसांत, पानांचे पुडे विकते. हद्द एवढी लहान केली की पाचही शक्तींना चेहरे मिळतात.

हा धंदा कसा चालतो ते थोडक्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये खूट कटाई होते, म्हणजे तेंदूची झुडपे छाटतात, त्यामुळे नवी कोवळी पालवी फुटते. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात तोडणी चालते, एकेका ठिकाणी जेमतेम दोन आठवडे. पहाटे जंगलात जायचे, दुपारी घरी बसून पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मुन्शीकडे मोजून द्यायचे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. पुडे उन्हात वाळवायचे, उलटायचे, मग पाणी शिंपडून बोद भरायचे. पान जून झाले की वळताना फाटते. वाळवणीत अवकाळी पाऊस आला की डाग पडतात.

१९६९ च्या कायद्याने या व्यापारावर सरकारची मक्तेदारी आली. वन विभाग जंगलाचे घटक पाडून लिलाव करी आणि तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क गावाकडे आला, आणि गेल्या दशकात गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा स्वतः ठेकेदाराशी सौदा करू लागल्या. कोरची तालुक्यात तर त्यांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली.

आता 'ग्राहकांची ताकद: जास्त' या ओळीकडे पाहा. ती खोटी नाही, पण निरुपयोगी आहे, कारण ती कधी जास्त हे सांगत नाही. ठेकेदार श्रीमंत आहे म्हणून त्याची ताकद मोठी, असे नाही. झाडावरचे पान थांबत नाही, ही त्याची खरी ताकद आहे. जानेवारीत निविदा काढणाऱ्या ग्रामसभेला एक ठेकेदार पटला नाही तर दुसऱ्याला बोलावता येते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तीच ग्रामसभा समोर बसलेल्या एकाच माणसाच्या मर्जीवर असते. मग पुडे बांधून झाले, बोद भरले, आणि ट्रक गावाबाहेर गेला की त्याची ताकद पुन्हा एकदम वाढते. कारण आता माल त्याच्याकडे आहे आणि उरलेले पैसेही त्याच्याकडेच. ही शक्ती महिन्यागणिक बदलते. तक्त्यातला एक शब्द ती पकडू शकत नाही.

एक उदाहरण करून पाहू. आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. एका ग्रामसभेकडे २०० प्रमाण गोण्या निघतील असा अंदाज आहे. पहिला ठेकेदार गोणीला ९,००० रुपये देतो, चौथा हिस्सा आधी आणि बाकी माल विकल्यावर. दुसरा ८,००० देतो, निम्मे आधी आणि उरलेले बोद उचलण्यापूर्वी. पहिल्याचे १८ लाख, दुसऱ्याचे १६ लाख. सभेत हात पहिल्यासाठी वर होतात, आणि 'ग्राहकांची ताकद जास्त' एवढेच लिहिणारा अहवाल त्यांना अडवू शकत नाही. पण पहिल्याकडे ट्रक गेल्यानंतर साडेतेरा लाख अडकतात. त्यातले १५ टक्के जरी बुडाले तरी दोन लाखांहून थोडे जास्त गेले, म्हणजे जादा भावाचा सगळा फायदा संपला. थकबाकीच्या मागे तालुक्याला घालावे लागणारे हेलपाटे वेगळेच. पैसे उशिरा मिळणे किंवा बुडणे ही गडचिरोलीत अनोळखी गोष्ट नाही. तेव्हा भावाइतकेच हप्त्यांचे वेळापत्रक तोलले पाहिजे, आणि हे ग्राहकाच्या ताकदीचे विश्लेषण केल्यावरच दिसते.

इथेच दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही सापडते. 'आमच्याकडे सगळे सरकारच ठरवते' म्हणून काही जण सरकार ही सहावी शक्ती म्हणून जोडतात. पोर्टर यांनी २००८ च्या आपल्या सुधारित लेखात हे स्पष्ट नाकारले आहे. सरकार चांगले की वाईट असे एकगठ्ठा ठरवता येत नाही; एखादा नियम पाचांपैकी कोणत्या शक्तीला कुठे ढकलतो ते पाहायचे. वाहतूक परवान्याचेच घ्या. मेंढा (लेखा) गावाचा सामूहिक वनहक्क २००९ साली मान्य झाला, तरी आपला बांबू विकण्यासाठी गावाला २०११ च्या एप्रिलपर्यंत झगडावे लागले, कारण परवाना पुस्तिका हाती नव्हती. माल गावाचा असूनही परवान्यावाचून तो विकता येत नव्हता. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. आता हाच परवाना ठेकेदाराची ताकद जिथे सर्वाधिक वाढते तिथे आडवा येतो: पूर्ण पैसे जमा झाल्याखेरीज परवाना नाही, ही अट करारात असली की ट्रक निघण्याच्या क्षणी पारडे गावाकडे झुकते. ती अट नसेल किंवा समितीने सह्या केलेले कोरे परवाने आधीच देऊन टाकले असतील, तर वनहक्काने दिलेले हत्यार बोथट झाले.

पुरवठादारांची ओळ तर नकलेत हमखास उलटी लिहिलेली असते. पाठ्यपुस्तक शिकवते की पुरवठादाराची ताकद कमी असेल तर नफा वाढतो. इथे पुरवठादार कोण? पान तोडणारी कुटुंबे. आणि मालक कोण? तीच कुटुंबे, ग्रामसभा म्हणून. मजुरी कमी करून रॉयल्टी वाढवली तर पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. फरक पडतो तो वाटपात: जास्त पुडे तोडणाऱ्याला मजुरी पोचते, रॉयल्टी कशी वाटायची ते सभा ठरवते. तरीही या कुटुंबांकडे एक खरी ताकद आहे. मजुरी दर आठवड्याला मिळाली नाही तर माणसे शेजारच्या गावच्या फळीवर पुडे नेतात. गोण्यांचा अंदाज चुकण्यामागे पाऊस असतो तसे हेही कारण असते.

आपसातली स्पर्धा शोधायला बिडी कारखान्यांकडे पाहण्याची गरज नाही. ती शेजारच्या ग्रामसभेशी आहे. एके काळी एका मोठ्या घटकाचा एकच विक्रेता होता, वन विभाग. आता त्याच जंगलातले तेच पान अनेक विक्रेते वेगवेगळे विकतात. पान वाढले नाही, विक्रेते वाढले. 'नव्या स्पर्धकांचा धोका: कमी, कारण जंगलावर गावाचा हक्क आहे' असे लिहिणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, की प्रत्येक नवा मंजूर दावा हा त्या बाजारातला नवा विक्रेता आहे. ठेकेदार एका गावाला दुसऱ्याचा भाव सांगून खाली आणतो. एकत्र लिलावाचे बळ इथे आहे, आणि त्याची मर्यादाही इथेच: ज्या गावाचे पान चांगले त्याला सरासरी भाव पटत नाही, आणि ते गाव बाहेर पडले की इतरांचा सौदा ढिला होतो. म्हणून प्रतवारीनुसार भावाचा फरक लिलावाआधी ठरवून घ्यावा लागतो. दुसऱ्या बाजूला ठेकेदारही मोजकेच राहतात. दुर्गम भागात गोदाम, मुन्शी, वाहतूक यांची जुळवाजुळव आणि माओवाद्यांच्या खंडणीचा इतिहास यांमुळे नवा व्यापारी सहज येत नाही. ही आडकाठी त्यांच्या बाजाराची आहे, आपल्या नव्हे, आणि तिचा भार आपल्या भावावर पडतो.

पर्यायी वस्तूंच्या ओळीत 'सिगारेट, गुटखा' लिहितात. ते बरोबर आहे, पण या हंगामाच्या निविदेत त्याने एका रुपयाचाही निर्णय बदलत नाही. छत्तीसगड आणि तेलंगणातले पान मात्र याच हंगामात भाव पाडू शकते, आणि ते पर्याय नसून सरळ स्पर्धा आहे. २०१७ मध्ये भाव चढला, जुलैत तेंदूपानावर १८ टक्के जीएसटी लागू झाला आणि पुढच्या हंगामात भाव खाली आला. असे चढउतार पाच शक्तींतून आधी मोजता येत नाहीत. ही मांडणी भावाचे भाकीत करत नाही. असलेल्या भावातला कोणता हिस्सा कुणाकडे राहील, एवढेच ती दाखवते. सिगारेटची ओळ उपयोगी पडते ती दुसऱ्या प्रश्नाला: रॉयल्टीतून गावाने स्वतःचे तेंदू गोदाम बांधावे का? त्याचा खर्च वसूल व्हायला अनेक हंगाम लागतात, आणि तितकी वर्षे बिडी ओढणारे किती राहतील याचा विचार केल्यावाचून तो ठराव करू नये. बांधायचेच असेल तर पाने संपल्यावर मोहफूल, हिरडा किंवा धानही ठेवता येईल असे बांधावे.