यंत्रलिखित निबंधांची लक्षणे
इंग्रजी निबंधातील ‘डेल्व्ह’सारखा भारदस्त शब्द किंवा निर्दोष पण सपाट वाक्यरचना शिक्षक यंत्रलेखनाची खूण मानतात. ‘डेल्व्ह’ मात्र नायजेरियातील औपचारिक इंग्रजीत रुळलेला आहे. सपाटपणाची खूण तर अधिकच फसवी ठरते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले टोफेल परीक्षेचे ९१ निबंध सात शोधक प्रणालींकडून तपासून घेतले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरवले गेले. मर्यादित शब्दसंग्रहात पुढचा शब्द सहज ओळखता येतो आणि या प्रणाली मुख्यतः तेच मोजतात. गंमत अशी, की त्याच निबंधांची शब्दकळा चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतल्यावर हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर उतरले.