उत्तर लपवून वाचक मिळत नाही



पेडणे आणि डिचोलीतल्या आपल्या ग्रुपांवर हल्ली एक नवी भाषा ऐकू येते. "हे वाचून तुम्ही हादराल!" "शेवटचा परिच्छेद चुकवू नका!" खाली निळी लिंक. मूळ लेख बहुधा चांगला, अभ्यासाने लिहिलेला असतो. पण त्याच्या दारात उभी केलेली ही चार वाक्ये जत्रेतल्या फेरीवाल्यासारखी ओरडत असतात. असे कॅप्शन लिहिणारे आपलेच तरुण आहेत. त्यांचे म्हणणे असे की उत्तर आधीच सांगितले तर लिंक उघडणार कोण? मला हे म्हणणे मुळातच चुकीचे वाटते.

एक उदाहरण घेऊ. समजा, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर अठराशे शब्दांचा लेख आहे. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले. त्यांनी सुमारे 11,000 ओव्यांचे मराठी पुराण रचले आणि ते 1616 साली रायतूरला (राशोलला) छापले गेले, मात्र रोमन अक्षरांत, कारण इथल्या छापखान्यात नागरी खिळे नव्हते. पुढे 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. हाताने लिहिलेल्या प्रती मात्र टिकल्या, आणि त्यांतली एक नागरी लिपीतली प्रत लंडनच्या सोआस या संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

आता या लेखासाठी फेरीवाल्याचे कॅप्शन असे होईल: "मराठी ख्रिस्तपुराणाच्या सगळ्या प्रती गेल्या कुठे? कोणी केल्या नष्ट? सत्य वाचून हादराल!"

यातला एकही शब्द उघड खोटा नाही, कारण हे सगळे नुसते प्रश्न आहेत. पण "कोणी केल्या नष्ट" हा प्रश्न लेखात कुठेच नाही. तो कॅप्शनने घुसडला आहे. आणि ग्रुपवरचे बरेच जण लिंक उघडतच नाहीत. कोणी कामावर असते, कोणाचा डेटा संपलेला असतो, कोणाला चष्म्याशिवाय लांब मजकूर वाचवत नाही. त्यांच्यासाठी कॅप्शन हाच लेख असतो. त्यांच्या मनात एवढेच राहते की आपला ग्रंथ कोणीतरी मुद्दाम नाहीसा केला. मग "कोणी" याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या रागाप्रमाणे भरतो. जिथे हिंदू आणि ख्रिस्ती घरांची भिंत एकमेकांना लागून आहे, तिथे हा फॉरवर्ड संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याच्या फोनवर पोचतो. लेखात लिहिलेले खरे सत्य त्याच्या मागोमाग जात नाही.

म्हणून माझा पहिला नियम: लिंक न उघडणाऱ्यालाही कॅप्शनमधून खरे तेच कळले पाहिजे.

यावर उत्तर येते की प्रभूसुद्धा दाखले सांगून लोकांची उत्सुकता चाळवत असे. दाखला नीट आठवा. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी चार ठिकाणी पडते आणि चारही ठिकाणी त्याचे काय झाले हे गर्दीला तिथेच कळते. "तिसऱ्या जमिनीत काय झाले, ते उद्या ऐका" असे प्रभू म्हणत नाही. गोष्ट पुरी सांगितलेली असते. तिचा अर्थ ज्याला हवा तो मागून विचारायला येतो. आपल्या पेडण्यातले दशावतारी नाटकही तसेच. शेवटी राक्षस मरणार हे लहान पोरालाही ठाऊक असते, तरी माणसे पहाटेपर्यंत बसतात. "काय झाले" हे माहीत असले तरी "कसे झाले" हे पाहायची ओढ उरतेच.

कॅप्शन याच पायावर लिहायचे असते: "काय" सांगून टाकायचे आणि "कसे" लेखासाठी ठेवायचे. आधी लेख कशाबद्दल आहे हे बाजूला ठेवून तो काय म्हणतो ते एका वाक्यात लिहावे. "ख्रिस्तपुराणाविषयी माहिती" हा नुसता विषय झाला. "मराठी पुराण रोमन अक्षरांत छापले गेले, कारण नागरी खिळे नव्हते" हे म्हणणे झाले. मग लेखातली एकच ठोस गोष्ट निवडावी: एखादे गाव, एखादे साल. दोन-तीन घेतल्या की गर्दी होते. शेवटी, लेख उघडल्यावर आणखी काय मिळेल आणि किती वेळ लागेल ते प्रामाणिकपणे सांगावे. मिनिटाला दोनशे शब्द धरले तर अठराशे शब्दांना नऊ मिनिटे लागतात.

तेच कॅप्शन आता असे होते:

"रायतूर, 1616. फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले, पण रोमन अक्षरांत. नागरी खिळेच नव्हते! एका इंग्रजाने 11,000 ओव्या मराठीत का रचल्या, आणि छापील प्रती हाती नसताना हे पुराण आपल्यापर्यंत कसे पोचले, ते या लेखात. वाचायला नऊ मिनिटे."

गावाचे नाव आणि साल अगदी पुढे आहे, कारण लांब मजकूर फोनवर दुमडला जातो आणि वरच्या थोड्याच ओळी दिसतात. "प्रिय बंधुभगिनींनो, सुप्रभात" यातच त्या ओळी खर्च केल्या तर कॅप्शन असून नसल्यासारखे. व्हॉट्सॲपवर लिंकसोबत जी चौकट येते, ती पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते. लिंक टाकल्यावर चौकट दिसेपर्यंत थांबावे, मगच पाठवावे. चौकटीतला मजकूर लेखाच्या पानावरच्या `og:title` आणि `og:description` मधून येतो. तिथे फेरीवाला बसला असेल तर वरचे कॅप्शन कितीही सरळ असून उपयोग नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक तर दाबून उघडतच नाही, तेव्हा तिथे लेख कुठे मिळेल ते शब्दांत सांगावे लागते.

"पण क्लिक जास्त मिळतात ना?" मिळतात, सुरुवातीला. पुढे काय होते तेही पाहा. फेसबुकने 2014 सालीच जाहीर केले की लिंक उघडून माणूस लगेच परत येत असेल, तर तशा पोस्ट कमी दाखवल्या जातील. शंभर जणांनी लेख उघडला आणि नव्वद जण दहा सेकंदांत परतले, तर ते नव्वद वाचक नव्हेत, फसवले गेलेले लोक आहेत. म्हणून क्लिक मोजू नका. लेख न वाचलेल्या एखाद्या मावशीला कॅप्शन वाचून दाखवा आणि विचारा, "लेखात काय असेल?" तिने सांगितलेले लेखात सापडले तर कॅप्शन ठीक. नाही सापडले तर ते पाठवू नका.

काही मजकुराला तर कॅप्शन नकोच. "रविवारच्या मिस्साच्या वेळेत मोठा बदल! जाणून घेण्यासाठी क्लिक करा" असे लिहिणाऱ्याने डिचोलीच्या दूरच्या वाड्यावरून चालत येणाऱ्या, साधा फोन असलेल्या आजीचा विचार केलेला नसतो. वेळ, ठिकाण आणि कोणाच्या निधनाची बातमी संदेशातच पुरती लिहावी. तिथे माणसाला अर्धवट ठेवून लिंककडे ओढणे ही निव्वळ निर्दयता आहे.

लेख लिहायला आठवडा घालवायचा आणि कॅप्शन दोन मिनिटांत उरकायचे, ही सवय मोडा. बहुतेकांच्या हाती आपले तेवढेच चार शब्द पोचतात. तेच खरे असू द्या.