पांगुळगाडा माळ्यावर कशाला?

मूल दहा-अकरा महिन्यांचे होऊन उभे राहू लागले की आपण पांगुळगाडा आणतो. चार-पाच महिन्यांत लेकरू धावू लागते आणि गाडा माळ्यावर जातो. तेव्हाच शेजारचे मूल उभे राहत असते आणि त्याचे वडील बाजारात गाड्याची किंमत विचारत असतात. हे पाहून नांदेडच्या आमच्या गल्लीतील सात घरांनी खेळण्यांची देवघेव सुरू केली.

प्रत्येक घराने तीन खेळणी आणायची, असे ठरले. पहिल्याच रविवारी एक बाई मुलीला घेऊन दारातूनच परत फिरल्या. त्यांच्या घरी द्यायला खेळणेच नव्हते. ‘द्याल तर घ्याल’ हा आमचा नियम सर्वांत गरजू लेकरालाच बाहेर ठेवत होता! आम्ही तो त्याच दिवशी मोडला. ज्या घरात खेळणे नाही, त्याने काम द्यावे. त्या बाईंनी जुन्या लुगड्याच्या दोन बाहुल्या शिवून आणल्या. आज मुली आधी त्याच मागतात.

दुसरी चूक म्हणजे आम्ही खेळणी कायमची बदलली. आपली मोटार दुसऱ्याच्या हाती पाहून एका मुलाने रडून गोंधळ घातला. ‘आमची महाग, तुमची स्वस्त’ म्हणून आयांचीही बोलाचाली झाली. आता खेळणे ज्याचे त्याचेच राहते. वाचनालयातील पुस्तकासारखे ते पंधरा दिवसांसाठी जाते. अमेरिकेत लॉस एंजेलिसलाही 1930 नंतरच्या मंदीत गरिबांच्या मुलांसाठी अशीच सोय झाली होती. वहीत खेळणे, मालक, नेणारा, तारीख आणि सुट्या भागांची संख्या लिहावी. ठोकळे पिशवीत मोजून द्यावेत, मोजून घ्यावेत. खेळताना मोडले तर दंड नाही. मुलाचे जिवापाड लाडके खेळणे मात्र घरीच राहू द्यावे.

खेळणे देण्यापूर्वी आम्ही ते हातात घेऊन ओढून पाहतो. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाएवढा किंवा त्याहून लहान भाग निघत असेल, तर ते तीन वर्षांखालील मुलाला देत नाही. तो घशात अडकतो. बटणासारखा चपटा सेल असलेल्या खेळण्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले नसेल, तर ते बादच. असा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नये, तडक मोठा दवाखाना गाठावा. बाकी प्लॅस्टिक साबणाच्या पाण्याने धुवावे, कापडी खेळणी धुऊन उन्हात खडखडीत वाळवावीत.

लातूरला आमच्या अक्कांनी चारच घरांत हे सुरू केले. दोन महिन्यांत मुलांनी सगळी खेळणी पाहून टाकली आणि उत्साह ओसरला. शिवाय मुले जवळपास एकाच वयाची, त्यामुळे सर्वांना एकच चेंडू हवा! शेजारची गल्ली जोडल्यावर गाडी रुळावर आली. म्हणून सहा-सात घरे आणि लहानमोठी मुले असावीत.

आमच्या गल्लीतला तो पांगुळगाडा आता तिसऱ्या लेकराच्या हाती आहे. एक चाक कुरकुरते, तेवढे तेल घालायचे राहिले आहे.