लाईट गेली तर निरोप कसा हवा? साकीनाक्याच्या गाळ्यातून शिकण्यासारखं

आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यांत लेथ, प्रेस, शिलाई मशीनवर काम करतात. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार त्यांना चांगला आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाईट गेली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि शहरात येणारी वीजच तुटली. लोकल जागेवर थांबल्या. कोरोनाचे दिवस होते, दवाखाने भरलेले होते.

त्या दिवशी लोकांना निरोप मिळालेच नाहीत असं नाही. मिळाले, पण प्रत्येक निरोपात काही ना काही राहून गेलं.

बेस्टने कळवलं की टाटाकडून येणारा पुरवठा बंद पडल्यामुळे वीज गेली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कारण कळलं, पण वीज येणार कधी ते नाही. साकीनाक्यासह उपनगरात वीज देणाऱ्या अदानी कंपनीने जरा जास्त सांगितलं. ग्रीडमध्ये मोठा बिघाड आहे, बहुतेक मुंबई बंद आहे, डहाणूच्या केंद्रातून सुमारे ३८५ मेगावॅट वीज अत्यावश्यक सेवांना देतोय, बाकीची लवकरात लवकर देऊ. म्हणजे नुकसान किती आणि पहिला नंबर कोणाचा, हे कळलं. वेळ मात्र ‘लवकरात लवकर’.

वेळ सांगितली ती तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी: पाऊण तास ते एक तास. प्रत्यक्षात मध्य रेल्वेची मुख्य मार्गावरची लोकल सुरू व्हायलाच दुपारचे बारा वाजून गेले, आणि उपनगरातल्या काही भागांत वीज यायला संध्याकाळ झाली.

आता गाळेमालकाच्या जागी उभे राहून बघा. एक तासाने वीज येणार असेल तर तो कामगारांना बसवून ठेवतो. संध्याकाळी येणार असेल तर घरी पाठवतो, माल नेणारा टेम्पो उद्यावर ढकलतो. एक तासाचा चुकीचा अंदाज त्याचा अख्खा दिवस खातो. ‘वेळ अजून सांगता येत नाही, बारा वाजता पुन्हा कळवतो’ एवढं खरं सांगितलं असतं तरी त्याला ठरवता आलं असतं.

अंदाज चुकतो का? ग्रीड बसलं की शहरातली वीजकेंद्रंही बंद पडतात. औष्णिक संच बटण दाबून चालू होत नाही, तासन्‌तास लागतात. शिवाय जेवढी वीज येते तेवढाच भार जोडावा लागतो, नाहीतर पुन्हा सगळं बसतं. म्हणून आधी रेल्वे, दवाखाने, मग टप्प्याटप्प्याने वस्त्या. अशा वेळी सगळ्यांना एकच वेळ सांगणं खरं ठरूच शकत नाही. भागवार सांगावं लागतं.

हेच आपल्या गावात बघा. डीपी जळाली की वायरमन म्हणतो, ‘येईल संध्याकाळपर्यंत.’ आपण मोटारीजवळ रात्र काढतो. खरा निरोप असा हवा: ‘गावठाणची डीपी जळाली, खालच्या आळीची सगळी घरं आणि पाण्याची टाकी बंद. वरच्या आळीची लाईट चालू आहे, पिण्याचं पाणी तिथल्या बोअरवरून भरा. दुसरी डीपी तालुक्याहून निघालेली नाही, निघाली की कळवतो. पुढची खबर सहा वाजता.’ काय बंद, तोवर काय करायचं, कधी येणार, आणि माहीत नसेल तर पुन्हा कधी सांगणार. एवढंच.

हा निरोप म्हणजे कोणाचे उपकार नाहीत. मुंबईच्या त्या घटनेनंतर अडीच महिन्यांनी, ३१ डिसेंबर २०२० ला, केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. अचानक बिघाड झाला तर कंपनीने ग्राहकाला ताबडतोब एसएमएसने किंवा तसल्याच मार्गाने कळवायचं, आणि सोबत वीज येण्याची अंदाजे वेळ द्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. हीच माहिती कॉल सेंटरवरही मिळायला हवी.

पण मेसेज येणार कुठे? बऱ्याच जणांचं मीटर अजून आजोबांच्या नावावर, आणि नंबर जोडलेलाच नाही. महावितरणचे ग्राहक असाल तर बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक घ्या, `MREG` लिहून एक जागा सोडा, तो क्रमांक टाका आणि `9930399303` वर पाठवा. लाईट गेली की १९१२ ला फोन करा. ‘कधी येणार’ एवढंच विचारू नका. ‘कोणकोणता भाग बंद आहे, आणि पुढची माहिती किती वाजता देणार’ हेही विचारा. सांगितलेली वेळ वहीत लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ती नोंद उपयोगी पडेल.