अर्ध्या महिन्याचा पगार: भागाकारातले दोन्ही आकडे एकाच मापाचे ठेवा

महिन्याच्या मधेच कोणी कामावर रुजू होतं, कोणी काम सोडून जातं, आणि मग त्या तुकड्याच्या पगारावरून कुरबूर सुरू होते. बहुतेक वेळा तिचं मूळ एका साध्या भागाकारात असतं. दुकान, दवाखाना किंवा लहानसा कारखाना चालवणाऱ्यांना, आणि तिथे राबणाऱ्यांनाही, माझी विनंती आहे की कागद-पेन घेऊन हा हिशेब एकदा स्वतः करून पाहा.

समजा, एका बाईंचा पगार महिना २३,४०० रुपये ठरला आहे. साप्ताहिक सुट्टी रविवारी. त्या सोमवारी, १६ मार्च २०२६ला रुजू झाल्या. मार्चचे दिवस ३१, त्यांपैकी पाच रविवार, म्हणजे कामाचे दिवस २६. रुजू झाल्यापासून महिनाअखेरपर्यंत दिवस १६, त्यांतले दोन रविवार वगळले तर कामाचे १४.

आता दोन सरळ वाटा आहेत. पहिली कॅलेंडरच्या दिवसांची: २३,४०० भागिले ३१, गुणिले १६. उत्तर १२,०७७ रुपये. इथे रविवारही पगाराचा दिवस मानला जातो, म्हणून एका दिवसाचा दर सुमारे ७५५ रुपये पडतो. दुसरी वाट कामाच्या दिवसांची: २३,४०० भागिले २६, गुणिले १४. उत्तर १२,६०० रुपये. इथे दर दिवसाला ९०० पडतो, पण रविवारचे वेगळे पैसे नाहीत. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. फरक पडतो तो त्या तुकड्यात रविवार किती आले यावरून.

चूक होते ती दोन वाटांची सरमिसळ केल्यावर. हजेरीपत्रकात १४ हजेऱ्या दिसतात, म्हणून हिशेबनीस वर १४ घेतो आणि महिना ३१ दिवसांचा म्हणून खाली ३१ घेतो. उत्तर येतं १०,५६८. बाईंचे दीड-दोन हजार रुपये गेले, आणि कोणाच्या मनात फसवायचं नसतानाही गेले. उलटी सरमिसळही होते: वर १६, खाली २६, आणि मालकाच्या खिशातून १४,४०० जातात. भाजकात रविवार धरले असतील तर रुजू असलेल्या दिवसांतही धरा, वगळले असतील तर दोन्हीकडे वगळा.

भरपगारी सणाच्या सुट्टीलाही हेच लागू. १९ मार्च २०२६ला गुढीपाडवा आहे. त्या दिवशी दुकान बंद म्हणून वरच्या आकड्यातून तो दिवस काढायचा आणि खाली मात्र २६ तसेच ठेवायचे, असं केलं तर १४च्या जागी १३ येतात आणि बाईंचे ९०० रुपये कापले जातात. सुट्टी भरपगारी असेल तर तो दिवस दोन्हीकडे मोजायला हवा.

हिशेब बरोबर आहे का, हे ओळखायची एक खात्रीची कसोटी आहे. त्याच पगारावर दुसरं माणूस १ ते १५ मार्च काम करून गेलं असं समजा आणि त्याचा पगार त्याच पद्धतीने काढा. कॅलेंडरच्या पद्धतीने त्याला ११,३२३ रुपये मिळतील, कामाच्या १२ दिवसांच्या हिशेबाने १०,८००. दोघांची बेरीज दोन्ही पद्धतींत बरोबर २३,४०० होते. बेरीज पूर्ण पगाराएवढी येत नसेल तर पद्धतीत खोट आहे. ही कसोटी एकाच ठिकाणच्या हिशेबाला लावायची. जुनी नोकरी एका पद्धतीची आणि नवी दुसऱ्या पद्धतीची असेल, तर माणसाच्या हातात थोडं कमी-जास्त पडू शकतं, त्यात कोणाचीच चूक नसते.

अनेक ठिकाणी महिना कोणताही असो, ३०नेच भागायचं असा रिवाज आहे. सोपं आहे खरं, पण कसोटीला उतरत नाही. मार्चमध्ये १५ आणि १६ दिवसांची बेरीज २४,१८० येते, म्हणजे ७८० रुपये जास्त. फेब्रुवारीत २८ दिवसांचे २१,८४०च होतात, म्हणजे १,५६० कमी.

कायम २६ने भागणं तर मला त्याहून धोक्याचं वाटतं. हा आकडा ग्रॅच्युइटीच्या कायद्यातून लोकांच्या डोक्यात बसला आहे. तिथे मासिक पगाराला २६ने भागून १५ने गुणतात, पण ते ग्रॅच्युइटी काढण्यासाठी. फेब्रुवारी २०२६ घ्या. १ तारखेला रविवार, महिन्यात चार रविवार, कामाचे दिवस २४. सोमवारी, २ तारखेला रुजू झालेल्या माणसाने त्या महिन्यातला एकही कामाचा दिवस चुकवलेला नाही. तरी २४ भागिले २६ केलं की त्याच्या हातात २१,६०० येतात. १,८०० रुपये कशाचे कापले, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

या उदाहरणात कॅलेंडरची पद्धतही थोडी उघडी पडते. २८पैकी २७ दिवस म्हणून ८३६ रुपये कापले जातात, तेही एका रविवारचे, ज्या दिवशी कामावर येणं शक्यच नव्हतं. तरीही लहान आस्थापनांनी कॅलेंडरचीच पद्धत धरावी असं माझं मत आहे. बेरीज नेहमी जुळते, आणि कोणती सुट्टी मोजायची यावर वाद होत नाही. फक्त तिच्यासोबत एक सवलत लिहून ठेवा: महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी रुजू झालेल्याला पूर्ण महिन्याचा पगार. जिथे पाळ्या बदलतात किंवा आठवड्याला दोन सुट्ट्या असतात, तिथे महिन्याचे प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजून भागणं जास्त न्याय्य ठरतं, पण मग सुट्ट्यांची यादी आधी तयार हवी.

काम सोडणाऱ्यांनी तारखेकडे नीट पाहावं. शेवटचा दिवस शनिवार, १४ मार्च, असं पत्रात लिहिलं तर कॅलेंडरच्या हिशेबात १४ दिवसांचा पगार निघतो. १५ मार्चला संध्याकाळी कार्यमुक्त, असं लिहिलं तर रविवारचे ७५५ रुपये मिळतात. कामाच्या दिवसांच्या पद्धतीत या दोन तारखांनी काहीच बदलत नाही. म्हणून राजीनाम्यात तारीख लिहिण्याआधी तुमच्याकडे कोणती पद्धत चालते ते विचारा, आणि मालकानेही कार्यमुक्तीच्या पत्रात सेवेचा शेवटचा दिवस नेमका लिहावा.

पैसे कधी द्यायचे, हे मात्र कायद्याने ठरवून दिलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार माणसाने राजीनामा दिलेला असो वा त्याला काढून टाकलेलं असो, त्याचं देय वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं. पुढच्या महिन्याच्या पगारासोबत बघू, हे उत्तर चालत नाही.

नियुक्तिपत्रात एवढी दोन वाक्यं घाला: ‘महिन्याच्या मधे रुजू झाल्यास किंवा सेवा संपल्यास मासिक पगाराला त्या महिन्याच्या एकूण दिवसांनी भागून, सेवेतल्या दिवसांनी गुणून पगार दिला जाईल. या दिवसांत साप्ताहिक व भरपगारी सुट्ट्या धरल्या जातील.’ आणि पगाराच्या पावतीवर नुसती रक्कम न छापता तिच्याशेजारी ‘१६/३१’ असं लिहा, म्हणजे पावती हातात घेणाऱ्याला घरी बसून स्वतः ताळा करता येईल.