पावडरचा डबा आणि आईचं ताट

वस्तीतल्या बैठकीत एका आईने विचारलं, "ताई, मनमाडच्या पोरींसारखी माझी पोरगीही वजनं उचलते. तिला पावडरचा डबा घ्यावाच लागेल का?"

आम्ही हिशेब मांडला. लेक वीस वर्षांची, आई शिवणकाम करणारी. वजन दोघींचं ५० किलो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे आईला ४२ ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याच्या स्नायूंची बांधणी सतत चालू असते, त्यामुळे तिला जास्त लागतात. पण किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे सहसा फारसा फायदा होत नाही. लेकीला ८० ग्रॅम पुरे.

चार भाकऱ्यांतून साधारण २० ग्रॅम मिळतात, ५० ग्रॅम डाळीतून ११, मूठभर शेंगदाण्यांतून ७, पेलाभर दुधातून ८. झाले ४६. लेकीने त्यात दोन अंडी आणि ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घेतल्या की ८० पार. डब्याची गरज नाही. मात्र पोटभर जेवण हवं. नाहीतर प्रथिनं सरपणासारखी जळून जातात.

मग आईचं खरं ताट मोजलं. तीन भाकऱ्या, वरणाचं उरलेलं पाणी, चहापुरतं दूध. पंचविशीही गाठेना! लेकीला किती लागतं, हे विचारणाऱ्या आईने स्वतःचं कधी मोजलंच नव्हतं. डब्याचे पैसे वाचलेच आहेत, तर आधी तिची वाटी घट्ट डाळीने भरायला हवी.